कर्ज किती मिळेल? एक घरगुती हिशेब
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



कर्ज काढावे की काढू नये, या वादात मी आज शिरणार नाही. घर घ्यायचे ठरले आहे, थोडी पुंजी गाठीला आहे, उरलेल्या रकमेसाठी बँकेकडे जायचे आहे, अशा वेळी बँक किती देईल हे आपल्याला घरबसल्या काढता येते की नाही, एवढाच आजचा प्रश्न. येते, आणि त्याला बेरीज, वजाबाकी, भागाकार यांपलीकडचे गणित लागत नाही. पुष्कळ ठिकाणी मात्र घर पसंत पडते, बिल्डरच्या हातावर इसाराची रक्कम ठेवली जाते आणि हिशेब मागाहून सुरू होतो. बँकेने आकडा कमी सांगितला की इसार अडकतो आणि माणसे वरची भर घालण्यासाठी हातउसने काढू लागतात. म्हणून हा हिशेब इसाराच्या आधी व्हायला हवा.

बँक पहिल्याने आपला पगार पाहते, पण सगळा पगार कर्ज फेडायला मोकळा आहे असे ती धरत नाही. पगाराचा एक ठराविक हिस्सा, तेवढाच सगळ्या हप्त्यांसाठी, असा तिचा दंडक असतो. 'सगळ्या' हा शब्द महत्त्वाचा. जुने हप्ते आणि नवा हप्ता मिळून त्या हिश्शात बसले पाहिजेत. बँकेतली मंडळी या प्रमाणाला 'फॉयर' म्हणतात. आपण त्याला हप्त्यांचे प्रमाण म्हणू. गृहकर्जासाठी हे प्रमाण प्रत्येक बँक आपल्या धोरणाने ठरवते. साधारणपणे ते शंभरात चाळीसपासून साठपर्यंत असते. पगार लहान असेल तर प्रमाण कमी, मोठा असेल तर जास्त. कारण उघड आहे. वीस हजारांतले निम्मे गेले तर उरलेल्या दहांत घर चालवणे कठीण. दोन लाखांतले निम्मे गेले तरी चूल बंद पडत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. एका शाळेत लेखनिक असलेल्या बाई आहेत. त्यांना आपण सुमनताई म्हणू. वय ३८, निवृत्ती ५८ व्या वर्षी. एकूण पगार ५७,००० रुपये. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे ६,०००, व्यवसाय कराचे २०० आणि गटविम्याचे ८०० जातात. राहिले ५०,०००. पण त्यांच्या बँकेच्या खात्यात मात्र ४६,०००च जमा होतात, कारण नोकरदारांच्या पतसंस्थेच्या कर्जाचा ४,००० रुपयांचा हप्ता पगारातच कापला जातो. शिवाय दुचाकीचा हप्ता ३,००० रुपये, त्याचे १४ हप्ते बाकी आहेत. आणि मुलाच्या मोबाइलचा हप्ता २,००० रुपये, त्याचे चार बाकी. घर २४ लाखांचे, पुंजी ५ लाखांची. नोंदणीचा आणि मुद्रांकाचा खर्च धरून त्यांना २० लाखांचे कर्ज हवे आहे.

बँकेचे प्रमाण निम्मे, म्हणजे शंभरात पन्नास आहे असे धरू. कर्ज देणाऱ्या गृहस्थांनी खातेपुस्तक पुढे ओढले, ४६,००० हा आकडा घेतला, त्याचे निम्मे २३,००० केले आणि त्यातून पतसंस्थेचे ४,०००, दुचाकीचे ३,०००, मोबाइलचे २,००० वजा केले. राहिले १४,०००. नवा हप्ता एवढाच झेपेल, असे ते म्हणाले.

इथे थांबा, भगिनींनो. पतसंस्थेचा हप्ता दोनदा वजा झाला आहे. खात्यात ४६,००० आले तेच मुळी ते ४,००० कापून. मग पुन्हा ते हप्त्यांच्या यादीत का यावेत? पगारातून हप्ता कापला जातो अशा प्रत्येक घरात ही गफलत होऊ शकते, आणि ती कुणी मुद्दाम करते असेही नाही. खातेपुस्तक समोर असते आणि पगारपत्रक फाइलमध्ये असते, इतकेच. म्हणून पगारपत्रक पुढे करावे आणि म्हणावे, कायदेशीर कपाती गेल्यावर माझे ५०,००० आहेत. त्याचे निम्मे २५,०००. त्यातून तीनही हप्ते काढा. राहतात १६,०००. दोन हजारांचा फरक पडला. तो केवढा मोठा आहे हे आता दिसेल.

हप्त्यावरून कर्ज काढण्यासाठी एकच आकडा लक्षात ठेवायचा: एक लाखाला महिन्याचा हप्ता किती. शेकडा ९ व्याज आणि २० वर्षांची मुदत असेल तर तो ९०० रुपये पडतो. व्याजाचा दर किंवा मुदत बदलली की हा आकडा बदलतो. बँकेत विचारला तर कुणीही सांगेल. मग १६,००० ला ९०० ने भागले की १७ लाख ७७ हजार. आणि चुकीच्या हिशेबाने? १४,००० ला ९०० ने भागा, १५ लाख ५५ हजार. एकच हप्ता दोनदा वजा झाल्याने सव्वादोन लाखांचे कर्ज हातचे जात होते.

तरीही वीस लाखांना सव्वादोन लाख कमीच पडतात. इथे पुष्कळजणींच्या मनात येईल की हातातल्या पुंजीतून एखादे जुने कर्ज फेडून टाकावे. विचार योग्य, पण कोणते फेडावे? घरातली मोठी माणसे सांगतील, सर्वांत मोठे आधी फेडा. या हिशेबात ते बरोबर नाही. बँक कर्जाची बाकी वजा करत नाही, हप्ता वजा करते. पतसंस्थेची बाकी समजा दोन लाख आहे; ती फेडली तर ४,००० चा हप्ता सुटेल. दुचाकीचे सुमारे ४०,००० भरले तर ३,००० चा हप्ता सुटेल. आणि मोबाइलचे उरलेले चार हप्ते, म्हणजे अवघे ८,००० भरले, तर २,००० चा हप्ता सुटतो. हे २,००० सुटले की १६,००० चे १८,००० होतात आणि १८,००० ला ९०० ने भागले की बरोबर २० लाख. आठ हजार भरून सव्वादोन लाखांची पात्रता वाढली. काही बँका थोडेच हप्ते उरलेले कर्ज मुळातच मोजत नाहीत, हेही विचारून घ्यावे. तसे असेल तर आठ हजारही आत्ता भरायला नकोत. कर्ज फेडल्यावर मात्र बाकी नसल्याचा दाखला लेखी घ्यावा आणि अर्जाला जोडावा, कारण पतमाहिती कंपनीच्या नोंदीत फेड चढायला काही आठवडे जातात आणि बँक तीच नोंद पाहते. ही नोंद आपल्यालाही पाहता येते. २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा असा नियम आहे. त्यात कधी दीर-नणंदेसाठी राहिलेली जामीनकी निघते, कधी विसरलेले क्रेडिट कार्ड. कार्डाला ठराविक हप्ता नसतो, पण थकलेल्या रकमेचा काही हिस्सा पुष्कळ बँका हप्ता म्हणून धरतात.

मुदत वाढवून कर्ज वाढवण्याचा मार्गही सुचवला जातो. सुमनताईंना निवृत्तीमुळे २० वर्षांपलीकडे सहसा मिळणार नाही. पण वय कमी असलेल्यांना ३० वर्षे मिळू शकतात. तेव्हा लाखाला हप्ता सुमारे ८०५ रुपये पडतो. १६,००० च्या हप्त्यात १९ लाख ८७ हजार बसतात. म्हणजे २ लाख १० हजार जास्त. पण तेच १६,००० आणखी १२० महिने भरायचे आहेत, त्याचे होतात १९ लाख २० हजार. दोन लाखांसाठी एकोणीस लाख! मधे मुद्दलात जादा रक्कम भरली तर हा भार पुष्कळ उतरतो, पण ती रक्कम कुठून येणार हे ज्याचे त्याने पाहावे.

दुसरा सल्ला असा की यजमानांचे नाव जोडावे, म्हणजे उत्पन्न वाढेल. उत्पन्न वाढते, पण त्यांचे हप्तेही बरोबर येतात. सुमनताईंच्या यजमानांना दुकानातल्या नोकरीत १६,००० मिळतात आणि बहिणीच्या लग्नाला काढलेल्या कर्जाचा हप्ता १०,००० आहे, असे समजा. दोघांचे मिळून ६६,०००, निम्मे ३३,०००. त्यातून सुमनताईंचे ७,००० आणि यजमानांचे १०,००० गेले, राहिले १६,०००. मोबाइलचे कर्ज फेडून मिळवलेले सगळे गेले आणि आकडा पुन्हा १७ लाख ७७ हजारांवर आला! ज्याचा हप्ता त्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त, त्याचे नाव जोडल्याने पात्रता घटते. अर्थात घराच्या मालकीत त्यांचे नाव असेल तर बहुतेक बँका त्यांना सहकर्जदार करतातच, तेव्हा मालकीपत्र कुणाच्या नावे करायचे हेही आधीच ठरवायला हवे.

आपल्यापैकी ज्या बचत गटातून किंवा लघुवित्त कंपनीकडून विनातारण कर्ज घेतात त्यांनी एक वेगळी गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे, त्यांच्या अशा कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून प्रमाणच घालून दिले आहे: कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. इथे हिशेब एकट्या बाईचा नसतो. नवरा, बायको आणि अविवाहित मुले यांचा मिळून असतो. घरात महिना २०,००० येत असतील तर सगळे हप्ते मिळून १०,००० च्या आत. म्हणून फॉर्मवर उत्पन्नाचा आकडा कोणता लिहिला आहे तो सही करण्याआधी वाचावा. फुगवलेल्या आकड्यावर कर्ज मिळते, पण हप्ता खऱ्या उत्पन्नातून द्यायचा असतो.

भाषणानंतर एका भगिनीने विचारले, बँक वीस लाख देते म्हणाली तर सुमनताईंनी वीस लाख घ्यावेत का? बँकेच्या प्रमाणात घरभाडे बहुधा धरलेले नसते, मुलाची फी नसते, सासूबाईंचे औषध तर नसतेच. आज ५०,००० मधून ९,००० हप्त्यांचे आणि ८,००० भाड्याचे जाऊन त्यांच्या हाती ३३,००० राहतात. नव्या घरात हप्ते २५,००० होतील, भाडे सुटेल आणि सोसायटीची देखभाल समजा १,५०० येईल, राहतील २३,५००. दुचाकी फिटेपर्यंत, म्हणजे १४ महिने, साडेनऊ हजारांची ओढ आहे. मी त्यांना सांगितले की कर्ज घेण्याआधी तीन महिने दर पहिल्या तारखेला ९,५०० वेगळ्या खात्यात टाकून पाहा. तिन्ही महिने त्याला हात न लावता निघाले, तर त्या २८,५०० मध्ये मोबाइलचे ८,००० भरून उरलेले नोंदणीच्या खर्चाला घाला. मधेच काढावे लागले, तर महिन्याला सरासरी किती काढावे लागले ते लिहून ठेवा. तेवढ्या रकमेला ९०० ने भागले की वीस लाखांतून किती लाख कमी करायचे ते कळेल.