पुट ऑफ, पुट अप विथ आणि आपला अर्ज
(विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेले व्याख्यान)



इंग्रजी अर्ज कसा लिहावा, यावर चार शब्द बोलावेत असे मला सांगण्यात आले आहे. संपूर्ण अर्जावर न बोलता मी त्यातल्या एकाच अडचणीवर बोलणार आहे, कारण दहावी-बारावीपासून पदवीपर्यंतची मुले तिथेच अडखळतात.

इंग्रजीत पुट हे साधे क्रियापद आहे. त्याचा अर्थ ठेवणे. त्याच्यामागे ऑफ लावले की अर्थ होतो पुढे ढकलणे, आणि अप विथ लावले की सहन करणे. ठेवण्याशी याचा वरकरणी काही संबंध दिसत नाही. अशा जोडक्रियापदांना व्याकरणात फ्रेजल व्हर्ब म्हणतात. बोलताना इंग्रज माणूस ती सर्रास वापरतो. परंतु अर्ज, अहवाल किंवा निबंध लिहिताना त्याच अर्थाचा एकच शब्द तो बऱ्याचदा पसंत करतो. पुट ऑफऐवजी पोस्टपोन आणि पुट अप विथऐवजी टॉलरेट.

हे दोन थर इंग्रजीत आले कसे? छोटी जोडक्रियापदे बहुतांशी त्या लोकांच्या घरच्या, शेतातल्या जुन्या बोलीतून घडली. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर राज्यकारभारात फ्रेंच आणि विद्येत लॅटिन यांचे वजन राहिले, आणि लांबलचक शब्द तिकडून आले. पोस्टपोन हा शब्द लॅटिन आहे. त्याची फोड केली तर पोस्ट म्हणजे नंतर आणि पोनेरे म्हणजे ठेवणे. म्हणजे पुट ऑफमध्ये जे ठेवणे आहे, तेच इथे दरबारी पोशाख घालून आले आहे. आपल्या मराठीतही हे घडलेच आहे. घरी आपण म्हणतो, लग्न पुढे ढकलले. कचेरीत मात्र सभा तहकूब होते. तहकूब हा शब्द फारसी-अरबीच्या वाटेने, कारभाराच्या भाषेतून आला.

आता मुद्द्याकडे येतो. वर्गात या शब्दांची यादी पाठ करून घेतात. डावीकडे जोडक्रियापद, उजवीकडे एक शब्द, मध्ये बरोबरचे चिन्ह. माझे म्हणणे असे की, ते बरोबरचे चिन्ह खरे नाही. जोडक्रियापद ऐसपैस असते, त्यात तीन-चार अर्थ मावतात. एक शब्द अरुंद असतो. तो घेताना त्यातला नेमका कोणता अर्थ आपल्याला हवा, हे आधी ठरवावे लागते.

एक अर्ज घेऊ. समजा, एका वसतिगृहाचा नळ दोन महिने बंद आहे आणि मुले वॉर्डनना लिहीत आहेत. मुलांनी तोंडी इंग्रजीत असे लिहिले: वुई हॅव पुट अप विथ धिस फॉर टू मन्थ्स. द रिपेअर हॅज बीन पुट ऑफ अगेन अँड अगेन. प्लीज लुक इनटू इट अँड लेट अस नो. इंग्रजी चूक नाही, पण बोलण्याची आहे. आता यादी काढून शब्द बदलू.

पहिले वाक्य. यादी सांगते टॉलरेट. पण थांबा. मराठीत सहन करण्याचे दोन प्रकार आहेत. एक खपवून घेणे आणि दुसरे सोसणे. खपवून घेतो तो, ज्याच्या हाती ते थांबवण्याचा अधिकार असतो. मास्तर वर्गातला गोंगाट खपवून घेतात. सोसतो तो, ज्याच्या हाती काही नसते. टॉलरेटचा कल पुष्कळदा पहिल्या अर्थाकडे असतो. वुई हॅव टॉलरेटेड असे लिहिले तर वॉर्डनना वाटेल, ही मुले आपल्याला धमकावत आहेत, आतापर्यंत खपवून घेतले, आता घेणार नाही. मुलांना सांगायचे आहे की, दोन महिने आम्ही त्रास सोसला. त्याला शब्द आहे एन्ड्युअर. वुई हॅव एन्ड्युअर्ड धिस फॉर टू मन्थ्स. शब्द एकच बदलला, पण अर्ज करणारा कोण आहे हे त्याने बदलले. अर्थात धमकीच द्यायची असेल तर टॉलरेट चालेल, पण मग ते जाणूनबुजून असावे.

दुसरे वाक्य. पोस्टपोन म्हणजे कोणीतरी ठरवून पुढची वेळ नेमली. उद्या करू, परवा करू असे वॉर्डननी प्रत्येक वेळी सांगितले असेल, तर पोस्टपोन्ड रिपीटेडली बरोबर आहे. पण कोणी काही सांगितलेच नाही, काम नुसते रेंगाळले, तर डिलेड हा शब्द योग्य. पहिल्यात एका माणसाच्या निर्णयावर बोट आहे, दुसऱ्यात नाही. सुरू झालेली सभा मध्येच थांबवून पुढच्या दिवसावर नेली तर तिसराच शब्द लागतो, अॅडजर्न. आणि सभा कायमची रद्द केली तर ते पुट ऑफ नव्हेच, ते कॉल ऑफ, म्हणजे कॅन्सल.

तिसरे वाक्य. लुक इनटूसाठी यादीत इन्व्हेस्टिगेट असते. पण इन्व्हेस्टिगेटला चौकशीचा, तपासाचा वास आहे. पोलीस, लेखापरीक्षक असे शब्द त्याच्या भोवती फिरतात. नळाच्या दुरुस्तीसाठी तो फार जड. लुक इनटू द मॅटर हे अर्जातही चालते, ते तसेच राहू द्यावे. जोडक्रियापद दिसले की खोडलेच पाहिजे असा नियम नाही. लेट अस नो मात्र बदलून इन्फॉर्म अस करावे.

आणि इथे आपल्या मुलांचा नेहमीचा घोटाळा होतो. शब्द बदलतो, पण जुन्या जोडीतली शेपटी तशीच राहते. टॉलरेट विथ, पोस्टपोन ऑफ असे लिहितात. आणि आपल्या "आम्हाला कळवा"मधल्या "ला"मुळे इन्फॉर्म टू अस येते. ऑफ, अप आणि विथ जुन्या क्रियापदाचे अवयव होते. ते क्रियापद गेले की तेही जातात. टॉलरेट धिस, पोस्टपोन इट, इन्फॉर्म अस. मध्ये काही नाही.

उलट दिशेनेही एक खाच आहे. इट, देम असे सर्वनाम आले तर पुट ऑफच्या मध्ये बसते, पुट इट ऑफ. पुट ऑफ इट म्हणत नाहीत. पण पुट अप विथ फुटत नाही, तिथे पुट अप विथ इट असेच येते. तोंडी परीक्षेत हे कानाला लगेच खटकते.

शिवाय पुट ऑफचा आणखी एक अर्थ आहे, मन उडणे. द स्मेल पुट मी ऑफ म्हणजे वासामुळे माझे मन उडाले. इथे पोस्टपोन घातले तर वासाने मला पुढच्या तारखेवर ढकलले असे होईल. मोठ्या इंग्रजी शब्दकोशात पुट या नोंदीच्या अखेरीस ही जोडक्रियापदे अर्थवार क्रमांक घालून दिलेली असतात. आपल्या वाक्यातला अर्थ कितवा ते आधी तिथे पाहावे, मग शब्द घ्यावा.

जाता जाता, प्रीपोन. परीक्षा अलीकडे आणली की आपण सहज प्रीपोन झाली म्हणतो. पोस्टपोनच्या धर्तीवर आपण भारतीयांनी तो रूढ केला, आणि मला तो सोयीचा वाटतो. पण परदेशी पत्र पाठवताना तिकडच्या वाचकाला तो बहुधा अनोळखी असेल. तिथे ब्रिंग फॉरवर्ड हे जोडक्रियापदच लिहावे, आणि औपचारिक हवे असेल तर अॅडव्हान्स.