सभेची तारीख बदलताना

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 14 सप्टेंबरला ठेवली आहे, पण लेखापरीक्षण अहवाल हाती आलेला नाही. सचिवांनी काय करावं?

नुसतं ‘सभा पुढे ढकलली आहे’ असं कळवू नका. आदर्श उपविधींनुसार या सभेसाठी पूर्ण चौदा दिवसांची सूचना लागते. त्यात सूचनेचा आणि सभेचा दिवस मोजत नाहीत. म्हणजे नवी सभा रविवार, 28 सप्टेंबरला घ्यायची, तर सूचना 13 तारखेपर्यंत प्रत्येकाला मिळायला हवी. 14 ला दिली, तर दिवस तेराच भरतात आणि एखादा सभासद रास्त हरकत घेऊ शकतो. फार पुढेही जाता येत नाही, कारण सभेची मुदत 30 सप्टेंबरला संपते.

सूचनेत आधी जुनी तारीख रद्द झाल्याचं लिहा, मग नवी तारीख, वेळ, जागा. कारण एका वाक्यात: ‘लेखापरीक्षण अहवाल न मिळाल्यामुळे.’ अहवालाची प्रत कधी मिळेल आणि हिशोबाचे प्रश्न कोणत्या तारखेपर्यंत लेखी द्यायचे, हेही स्पष्ट सांगा. फलकावरची जुनी सूचना त्याच दिवशी काढा. ती राहिली, तर काही जण 14 लाच येतात.