हावड्याची पाटी आणि आमचे आईदादा
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपणांपैकी पुष्कळांच्या घरी नागपूर, अकोला, भुसावळ अथवा मुंबईकडून आईवडील येतात, महिना-दोन महिने राहतात आणि परत जातात. येतात तेव्हा त्यांस उतरवून घ्यावयास आपण हावड्यास जातोच. परंतु परत निघताना गाडी हलेपर्यंत सोबत थांबणे प्रत्येक वेळी साधतेच असे नाही. म्हणून स्टेशनावरील विजेची पाटी कशी वाचावी आणि ध्वनिक्षेपकावरील घोषणा कशी ऐकावी, हे आम्ही आमच्या वृद्ध आईवडिलांस कसे शिकविले ते सांगण्याची आज आज्ञा झाली आहे.

या शिक्षणाचा आरंभ फजितीतून झाला. २०१९ च्या डिसेंबरात आमचे दादा आणि आई नागपूरला निघाले होते. तिकीट हावडा-मुंबई मेलचे, क्रमांक १२८१०. आम्ही उभयतां त्यांस नव्या इमारतीत बसवून, "मुंबई मेल लागली की बसा" असे सांगून निघून आलो. त्या दिवशी येणारी गाडीच उशिरा आल्यामुळे मेलची सुटण्याची वेळ तीन तास पुढे ढकलली गेली. दादा कान टवकारून बसले होते. बऱ्याच वेळाने "हावडा-मुंबई मेल" हे शब्द आणि पाठोपाठ "नऊ" हा आकडा त्यांच्या कानी पडला. लागलीच हमाल केला, जुन्या इमारतीत गेले, B2 डबा शोधला आणि आपल्या आसनांवर बसून आईने पाण्याची बाटलीही काढली. थोड्याच वेळात एक बंगाली कुटुंब तीच आसने मागत आले. डबा तोच, आसने तीच, गाडीचे नावही तेच. दोन्ही तिकिटे शेजारी धरल्यावर उलगडा झाला. त्या गृहस्थांच्या तिकिटावर १२३२१ हा क्रमांक होता.

हावड्याहून मुंबई मेल नावाच्या दोन गाड्या सुटत, हे आम्हांस ठाऊक असूनही आम्ही सांगितले नव्हते. १२८१० ही टाटानगर, बिलासपूर, रायपूर, नागपूर या मार्गाने जाणारी; १२३२१ ही गया, जबलपूर, इटारसीवरून भुसावळास येणारी. दुसरीला नागपूर लागतच नाही. एरवी दोहोंच्या सुटण्यात काही तासांचे अंतर असे. पहिली लांबली आणि ते अंतर नाहीसे झाले. आईदादा घाईघाईने उतरले आणि आपली गाडी सुटण्यापूर्वी दहा मिनिटे नव्या इमारतीत पोहोचले.

दोष दादांच्या कानांचा नव्हता. आम्ही त्यांस गाडीचे नाव दिले आणि क्रमांक दिला नाही, हा होता. पुढच्या खेपेस आम्ही नाव शिकवावयाचे नाही, असे ठरविले.

क्रमांक शिकविणे वाटते तितके सोपे नाही. दादा तिकीट वाचत ते "बारा हजार आठशे दहा" असे. घोषणेत मात्र एकेक अंक सुटा येतो. "गाड़ी संख्या एक दो आठ एक शून्य" हे ऐकताना त्यांचे मन बारा हजारांची वाट पाहत राही आणि तोवर घोषणा पुढे गेलेली असे. म्हणून रोज चहाच्या वेळी आम्ही त्यांच्याकडून तो क्रमांक सुट्या अंकांत म्हणवून घेतला. एक गंमत अशी की, घोषणा बंगाली, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होते आणि त्यांपैकी पहिल्या दोहोंतील अंक मराठी कानास परके नाहीत. बंगालीत "एक, दुई, आट, एक, शून्नो" येते. भाषा न कळली तरी एवढे पकडता येते, म्हणजे तीच गोष्ट ऐकण्याची संधी एकदा नव्हे, दोनदा मिळते. इंग्रजी फेरी आम्ही सोडून दिली.

डोळ्यांची अडचण निराळी. पाटीवरील अंक इंग्रजी असतात आणि आईचे सारे शिक्षण देवनागरी अंकांत झालेले. मोतीबिंदूच्या डोळ्यांस लांबून इंग्रजी नऊ हा आपल्या एकासारखाच दिसतो. हे ध्यानी आल्यावर आम्ही पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईने ठळक 12810 एवढेच लिहून दिले. वाचावयाचे नाही, कार्डावरचे चित्र आणि पाटीवरचे चित्र जुळवावयाचे. आईस हे दादांपेक्षा लवकर जमले.

मग आम्ही त्यांस एका दुपारी, प्रवास नसताना, हावड्यास नेले. फलाटाचे तिकीट १० रुपयांचे असते आणि दोन तास चालते. तेवढा वेळ पुरला. पाटीवर क्रमांक, नाव, नियोजित वेळ, अपेक्षित वेळ आणि फलाट असे रकाने असतात. पाटीच्या घडणीप्रमाणे त्यांची मांडणी थोडी बदलते. सर्व गाड्या एका वेळी मावत नाहीत, म्हणून ओळी बदलत राहतात आणि भाषाही बदलते. आपली ओळ निघून गेली की वृद्ध माणूस घाबरते, पाटीच्या अगदी खाली जाऊन मान वर करून उभे राहते, आणि तेथून काहीच दिसत नाही. आम्ही सांगितले की, दहा-पंधरा पावले मागे उभे राहावे. ओळ गेली तर जाऊ द्यावी, ती फिरून येते. पहिल्या फेरीत केवळ क्रमांक जुळवावा, दुसरीत फलाट पाहावा. दोन वेळांपैकी दुसरी, म्हणजे अपेक्षित वेळ खरी धरावी. ती चोवीस तासांची असते, तेव्हा तेरापासून पुढच्या तासांतून बारा वजा करावेत. शून्य तासांची वेळ दिसली तर ती मध्यरात्रीनंतरची, आणि तारीखही दुसऱ्या दिवसाची.

तेथेच एक नवा घोटाळा उघड झाला. दादांनी आनंदाने बोट दाखविले ते १२८०९ कडे. ती मुंबईहून येणारी मेल. जाणारी आणि येणारी गाडी यांचे क्रमांक बहुधा असे लागोपाठचे असतात. आगमनाची आणि प्रस्थानाची पाटी वेगळी ओळखणे हा धडा तेव्हा वाढवावा लागला, आणि शेवटचा अंक मोठ्याने म्हणण्याची सवयही.

फलाटाचा रकाना कित्येकदा बराच वेळ रिकामा असतो. त्याचा अर्थ गाडी रद्द झाली असा नव्हे. आकडा लागल्यावरही तो बदलू शकतो आणि बदल प्रथम घोषणेत येतो. म्हणून पाटी आईकडे आणि घोषणा दादांकडे अशी वाटणी केली. दादांचे श्रवणयंत्र गर्दीचा सारा गलका मोठा करते. दोन कर्ण्यांच्या मध्ये बसले तर दोहोंचे आवाज मागेपुढे येऊन अंक एकमेकांत मिसळतात. त्यांना एका कर्ण्याच्या जवळ बसविले, तेव्हा पाचांपैकी पाचही अंक लागले. नुसत्या कानांवर मात्र आम्ही विसंबलो नाही. डब्यात पाऊल टाकण्यापूर्वी डब्याच्या अंगावरील पाटीशी कार्ड पुन्हा जुळवावयाचे, अशी आईची अट. ज्यांची दृष्टी आणि श्रवण दोन्ही अधू आहेत त्यांच्यासाठी हा मार्ग नाही. त्यांस सोबतच हवी.

त्यानंतरच्या खेपेस आम्ही त्यांस स्टेशनावर सोडून निघालो, तेव्हा पाटीवर मेलची ओळही आलेली नव्हती. घरी पोहोचतो न पोहोचतो तोच दादांचा फोन वाजला. कुशल नाही, निरोप नाही. "एक दो आठ एक शून्य. फलाट एकवीस. डब्यावरही तेच आहे, हिने कार्ड लावून पाहिले," एवढे म्हणून त्यांनी फोन ठेवला.