न पुसता झाकणे : छायाचित्रातील थर आणि मास्क
(केंद्रस्तरीय शिक्षक संमेलनातील भाषण)



काही वर्षांपूर्वी एका शाळेने आपली स्मरणिका काढली. सर्व शिक्षकांचे एकत्रित छायाचित्र तीत घालावयाचे होते. रांगेच्या टोकाला, किंचित मागे, शाळेचे शिपाईमामा उभे होते. छायाचित्र 'नीटस' दिसावे म्हणून एका उत्साही शिक्षकाने फोटोशॉपमध्ये त्यांना पुसून टाकले, मागची भिंत तेथे रंगवून घेतली आणि त्याच फाइलीवर Save केले. पुढे मामा निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी त्यांना भेट देण्यासाठी सर्वांसोबतचा फोटो शोधू लागलो, तेव्हा तो एकच निघाला, आणि त्यात मामा नव्हते. कॅमेऱ्यातील मूळ प्रत केव्हाच पुसली गेली होती. त्या समारंभास मीही उपस्थित होतो. आज जी क्रिया सांगणार आहे ती त्या शिक्षकास ठाऊक असती, तर मामा दोन मिनिटांत आपल्या जागी परत उभे राहिले असते.

फोटोशॉपमधील खोडरबर, म्हणजे Eraser, हा चित्रातील रंगबिंदूच नाहीसे करतो. चूक मागे घेण्याची सोय आहे खरी. परंतु फाइल बंद केली की मागच्या पावलांची ती नोंद संपते. लेयर मास्कची रीत निराळी आहे. तो चित्राच्या थराला जोडलेला, चित्राएवढाच, पण केवळ काळ्या-पांढऱ्या छटांचा दुसरा पट असतो. पट जेथे पांढरा, तेथे थर दिसतो. जेथे काळा, तेथे थर झाकला जातो. जेथे करडा, तेथे अर्धवट दिसतो. आपण काळा रंग लावतो तो या पटावर. चित्राच्या रंगबिंदूंना धक्काही लागत नाही.

आता उदाहरण घेऊ. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर जो बंधारा आहे, त्याच्या पोटातील पाणीमहाल आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतील हे बांधकाम. परिसर अभ्यासाच्या पाठासाठी त्याचे छायाचित्र आम्हांस दोन प्रकारे हवे होते. एकात, बंधाऱ्याच्या उंचीची कल्पना यावी म्हणून पायथ्याशी माणूस उभा असलेला. दुसऱ्यात नुसते बांधकाम. यासाठी कॅमेरा तिपाईवर पक्का बसवून दोन छायाचित्रे घेतली. पहिल्यात आमचे एक सहकारी उभे आहेत. दुसरे, ते बाजूस झाल्याबरोबर घेतलेले. दोहोंत वेळ जितका थोडा, तितके बरे. ढग आला की दगडाचा रंग बदलतो आणि मग जोड लपत नाही.

दोन्ही चित्रे एकाच फाइलीत दोन थरांवर आणावीत : File > Scripts > Load Files into Stack. Layers या पट्टीत सहकाऱ्यांचे चित्र वर आणि रिकामे खाली ठेवावे. तिपाई किंचित हलली असेल असे धरून दोन्ही थर निवडावेत व Edit > Auto-Align Layers करावे, म्हणजे दगडावर दगड बसतो. मग केवळ वरचा थर निवडून Layer > Layer Mask > Reveal All म्हणावे. थराच्या लहान चित्राशेजारी दुसरा पांढरा चौकोन उमटतो, तोच मास्क. त्या चौकोनावर क्लिक करावे. B दाबून कुंचला घ्यावा. D दाबावे, नंतर X, म्हणजे पुढचा रंग काळा होतो. कुंचल्याचा Opacity 100 ठेवून सहकाऱ्यांच्या आकृतीवर फिरवावा. ते झाकले जातात आणि खालच्या थरातील खरी भिंत तेथे दिसू लागते. भिंत रंगवावी लागत नाही. ती दुसऱ्या छायाचित्रात आहेच.

येथे बहुतेकांची एक चूक होते. माणूस झाकतात, त्याची सावली तशीच राहते. नळदुर्गच्या चित्रात सावली पायाजवळच्या दगडांवर पडली होती, आणि संथ पाण्यात प्रतिबिंबही होते. आम्ही प्रतिबिंब विसरलो. ते एका चौथीच्या मुलीने दाखवून दिले.

दुसरी चूक अधिक घातक. मास्कऐवजी चित्राचाच चौकोन निवडलेला राहतो आणि भिंतीवर काळा डाग उमटतो. ज्या चौकोनाभोवती चौकट दिसते, तोच निवडलेला असतो; कुंचला उचलण्यापूर्वी तिकडे पाहावे. तिसरी चूक सूक्ष्म आहे. Opacity कमी राहिला तर मास्कवर काळ्याऐवजी करडा रंग बसतो व माणसाची पुसट छाया उरते. Alt धरून मास्कच्या चौकोनावर क्लिक केले की नुसता मास्क पडद्यावर येतो. करडे ठिपके व राहून गेलेली भोके तेथे लगेच दिसतात.

सहकाऱ्यांना परत आणावयाचे तर X दाबून पांढरा रंग घ्यावा व त्याच जागी कुंचला फिरवावा. केवळ तपासणी करावयाची असेल तर Shift धरून मास्कवर क्लिक करावे. त्यावर तांबडी फुली उमटते आणि मूळ चित्र जसेच्या तसे दिसते. पुन्हा क्लिक केले की मास्क पूर्ववत. आमची एकच फाइल अशा रीतीने दोन्ही पाठांना उपयोगी पडली.

मात्र हे सारे फाइल PSD म्हणून जपली तरच. JPEG प्रतीत थर उरत नाहीत; ती छपाईसाठी निराळी काढावी. तसेच मास्कवर उजवे बटण दाबले असता Apply Layer Mask असा पर्याय येतो. तो निवडला की झाकलेला भाग खरोखरच कापला जातो, आणि आपण पुन्हा खोडरबरापाशी येऊन पोचतो.

दुसरे छायाचित्र नसेल तर काय, असे कोणी विचारील. मग मास्कने माणूस झाकला जाईल, पण त्याच्या जागी नुसती चौकड्यांची रिकामी जागा दिसेल. कारण कॅमेऱ्याने त्याच्या मागचे काही टिपलेलेच नाही. अशा वेळी मूळ थराखाली त्याचीच एक प्रत ठेवून, तीवर Clone Stamp ने शेजारचे दगड उतरवून घ्यावेत. वरचा थर त्यामुळे अभंग राहतो. पण ती भिंत आपण रचलेली असते. पाणीमहालासारख्या वास्तूचे असे चित्र मुलांपुढे पुरावा म्हणून ठेवू नये.

शेवटी एक गोष्ट कार्यालयीन अनुभवातून सांगतो. गुणपत्रकावरील नावे किंवा एखाद्या बालकाचा चेहरा मास्कने झाकून PSD फाइलच बाहेर पाठविल्याचे मी पाहिले आहे. पाठविणाऱ्यास वाटले, नाव गेले. ते गेले नव्हते. घेणाऱ्याने Shift धरून एकदा क्लिक केले असते तर सारी यादी उघडी पडली असती. अशा प्रसंगी PSD आपल्या संगणकावरच ठेवावी व बाहेर केवळ JPEG प्रत द्यावी. आता संगणक सुरू करतो. नळदुर्गची दोन्ही छायाचित्रे त्यात घातलेली आहेत. पहिल्या बाकावरील दोघांनी पुढे यावे.