दाते मोजा, व्यास नको

हेदवीत वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या फाटकांना आता मोटरी बसू लागल्या आहेत, म्हणून उदाहरण सरकत्या गेटचंच घेतो. गेटच्या खालच्या अंगाला दात्यांची सरळ पट्टी असते, ती रॅक. मोटरीवरचं दातेरी चाक म्हणजे पिनियन. पिनियन एक फेरा फिरलं, तर गेट किती सरकेल?

रॅकवर एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतचं अंतर π गुणिले मॉड्यूल इतकं असतं. गेटच्या रॅकचं मॉड्यूल बहुधा ४, म्हणजे अंतर १२.५७ मिमी. पिनियनला १६ दाते असतील, तर एका फेऱ्यात रॅकचे १६ दाते पुढे जाणार, म्हणजे २०१.०६ मिमी. मॉड्यूल m आणि पिनियनचे दाते z धरले, तर एका फेऱ्यातलं अंतर L असं:

L = π × m × z

इथे एक चूक सर्रास होते. कॅलिपर लावून पिनियनचा बाहेरचा व्यास घेतात. तो भरतो ७२ मिमी, आणि त्याला π ने गुणलं की येतात २२६ मिमी. एका फेऱ्यामागे २५ मिमी जास्त! बाहेरचा व्यास दात्यांच्या टोकांवरून जातो, म्हणून तो हिशेबाला लागणाऱ्या m × z या व्यासापेक्षा दोन मॉड्यूलनी मोठा असतो. त्याचा उपयोग वेगळाच आहे: जुन्या पिनियनचं मॉड्यूल ठाऊक नसेल, तर ७२ ला १६ अधिक २, म्हणजे १८ ने भागा. उत्तर ४.

आता ३.६ मीटरचा रस्ता मोकळा करायचा आहे. ३६०० भागिले २०१.०६, म्हणजे जवळजवळ १८ फेरे. पण रॅक ३६०० मिमीची घेतली तर दोन्ही टोकांना पिनियन काठावर येतं आणि गेट जरा पुढे गेलं की दाते सुटतात. दोन्हीकडे २०० मिमी ठेवू, म्हणजे ४ मीटर. बाजारात ‘एक मीटर’ म्हणून मिळणारा तुकडा ८० दात्यांचा असतो, त्याची खरी लांबी १००५.३ मिमी. चार तुकडे पुरतात.

वरचे ते पाच मिलिमीटर अनेक कारागीर कापून टाकतात. मला हे फार खटकतं, कारण १००० मिमीत ७९.५८ दाते बसतात. कापल्यावर सांध्यावरचं अंतर बिघडतं आणि गेट प्रत्येक मीटरला ‘खट्’ करतं. असा आवाज ठरावीक जागीच येत असेल, तर मोटर उघडू नका, सांधा पाहा. जोडताना तिसरा तुकडा उलटा धरून त्याचे दाते सांध्याच्या दोन्ही बाजूंना बसवा, क्लॅम्प लावा आणि मगच स्क्रू आवळा.

पिनियन आणि रॅक यांत एक-दोन मिलिमीटरची फट ठेवा. तिने एका फेऱ्यातलं अंतर बदलत नाही, ते दात्यांनीच ठरलेलं असतं. फट नसेल, तर रूळ जरा खचताच गेटचा भार पिनियनच्या शाफ्टवर येतो. म्हणून फट एकाच जागी पाहून भागत नाही. मोटरीचा क्लच सोडून गेट हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत तपासा.