ओरेमची थिअरी केसमध्ये कशी बसवायची?

संभाजीनगरच्या वॉर्डातली माझी केस सांगते. काका, वय 58, मधुमेह, इन्सुलिन नुकतंच सुरू झालेलं. असाइनमेंटमध्ये मी लिहिलं, 'माहितीचा अभाव', आणि शिकवायला बसले. काकांना तर सगळं पाठ! मग म्हटलं, "काका, 12 युनिट भरून दाखवा." त्यांनी 16 भरले. सिरिंजवरच्या बारीक रेघाच त्यांना दिसत नव्हत्या.

डोरोथिया ओरेम हेच विचारायला लावतात: रुग्णाला रोज काय करावं लागतं आणि त्यातलं त्याला स्वतःला किती जमतं? मधली तूट म्हणजे सेल्फ-केअर डेफिसिट. इथे तूट माहितीची नव्हती, नजरेची होती. म्हणून मी प्लॅन बदलला. डोस सून भरेल, टोचून काका स्वतः घेतील. ओरेमच्या भाषेत ही अंशतः भरपाई. तेव्हा आधी करून दाखवायला सांगा, मग तूट लिहा.