पायाने चालणारा नळ
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "तू इंजिनिअर आहेस, काहीतरी तांत्रिक सांग, पण सगळ्यांना कळेल असं." माझं रोजचं काम संगणकाच्या पडद्यावर चालतं, ते इथे सांगितलं तर मागच्या बाकावरचे पहिल्या पाच मिनिटांत पेंगतील. म्हणून मी एक असं यंत्र निवडलं आहे ज्यात वीज नाही, नळ नाही आणि दोन बेचक्याचे खांब, एक तेलाचा रिकामा कॅन, थोडी दोरी यापलीकडे सामान नाही. हात धुण्याचा पायाने चालणारा स्टँड. इंग्रजीत त्याला 'टिप्पी टॅप' म्हणतात, म्हणजे कलंडणारा नळ.

आपल्या भागात याची गरज का, हे तुम्हाला समजावण्याची वेळ येऊ नये. डहाणू-तलासरीत पावसाळ्यात छत्री उलटी होईस्तोवर पाऊस पडतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पाड्यावरच्या विहिरीचा तळ दिसतो. खाली काळा कातळ, वर उतार. पाणी येतं आणि वाहून जातं. मग हापसा किंवा लांबची विहीर, आणि हंडा डोक्यावर. तो हंडा आणणारी बहुतेक वेळा घरातली बाई किंवा मुलगी असते. ज्या पाण्याचं वजन मानेला कळतं, ते पाणी हात धुवायला कोणी मोकळ्या हाताने ओतत नाही. प्यायला ठेवलं जातं, स्वयंपाकाला ठेवलं जातं आणि काटकसर सुरू होते ती साबणाने हात धुण्यापासून. त्याची किंमत लहान मुलांच्या पोटाला मोजावी लागते. म्हणून "हात धुवा" असं सांगून भागत नाही. हात धुण्याला लागणारं पाणीच कमी करावं लागतं.

तांब्याने हात धुताना नेमकं काय होतं ते बघू. एका हाताने तांब्या धरायचा, म्हणजे धुवायला एकच हात उरतो. दोन्ही हात चोळायचे तर दुसऱ्याने पाणी ओतायला हवं. धार जाड पडते, निम्मं पाणी हाताला न लागताच खाली जातं. शिवाय मळका हात तांब्याला लागतो आणि धुतलेला हात पुन्हा त्याच तांब्याला. अशा धुण्याला माणशी साधारण अर्धा लिटर पाणी जातं. कलंडत्या नळाचा प्रसार करणारे त्याचा खर्च 40 मिलिलिटर सांगतात. मी मुलांचा उत्साह लक्षात घेऊन दुप्पट, म्हणजे 80 मिलिलिटर धरते. माझ्या क्षेत्रात अंदाज नेहमी दुप्पट करूनच द्यावा लागतो!

ही कल्पना आफ्रिकेतल्या झिंबाब्वेची. जिम वॉट नावाच्या डॉक्टरांच्या नावावर ती सांगितली जाते. तिथे सुरुवातीचा नळ वाळलेल्या भोपळ्याचाही करत. भोपळा टांगायचा, त्याला भोक पाडायचं, कलंडवला की धार. हे वाचताना मला आपला तारपा आठवला. वाळलेल्या दुधीत वारा भरून वारली माणूस सूर काढतो, आणि तसल्याच फळातून तिथल्या लोकांनी नळ काढला. पुढे भोपळ्याच्या जागी प्लॅस्टिकचा कॅन आला आणि हाताऐवजी पाय वापरला जाऊ लागला.

आता बांधणी. जमिनीत दोन फुटांच्या अंतरावर दोन खड्डे घ्या, दीड फूट खोल. त्यात वर बेचकं असलेले दोन खांब रोवा आणि माती-दगड घट्ट ठोका. बेचक्यांवर आडवी काठी ठेवायची. ती पाच लिटरच्या कॅनच्या मुठीतून ओवलेली असली पाहिजे, म्हणजे कॅन मुठीवर लोंबकळतो. मोठ्या माणसांसाठी काठी छातीच्या उंचीला ठेवा, पहिली-दुसरीच्या मुलांसाठी सव्वातीन फुटांच्या आसपास.

कॅनच्या तोंडाकडच्या बाजूला, वरून चार-पाच बोटं खाली, तापवलेल्या खिळ्याने एक भोक पाडा. दुसरं बारीक भोक मागच्या बाजूला, मुठीजवळ अगदी वर. पाणी पहिल्या भोकाच्या थोडं खालीच भरायचं आणि झाकण घट्ट लावायचं. मग कॅनच्या गळ्याला दोरी बांधा, ती खाली आणा आणि जमिनीवर ठेवलेल्या तीन फुटी काठीच्या टोकाला बांधा. काठीचं दुसरं टोक जमिनीवर टेकलेलं आणि दोरीचं टोक पाच-सहा इंच उचललेलं राहील इतकी दोरीची लांबी हवी. या उचललेल्या टोकावर पाय दिला की कॅनचा गळा खाली ओढला जातो, पाणी भोकापर्यंत चढतं आणि धार सुरू होते. पाय काढला की कॅन आपोआप सरळ होतो.

तो आपोआप सरळ का होतो, यात सगळी गंमत आहे. मूठ कॅनच्या वर आहे आणि पाण्याचं वजन तिच्या खाली. घड्याळाच्या लंबकासारखं ते परत आपल्या जागी येतं, स्प्रिंग लागत नाही. कोणी हुशारी करून कॅनच्या पोटात आरपार भोकं पाडून काठी घातली, तर भरलेल्या कॅनचं निम्मं वजन काठीच्या वर जातं. मग तो एकदा कलंडला की कलंडलेलाच राहतो आणि सगळं पाणी खाली.

मागचं बारीक भोक हवेसाठी. ते नसेल तर पाणी बाहेर जाताना आत हवा शिरायला वाट राहत नाही आणि धार गुटगुट करत तुटते. तुटकी धार दिसली की आधी मागचं भोक तपासा, बहुतेक वेळा ते मातीने बुजलेलं असतं.

आणि पुढच्या भोकाचा आकार. पाण्याची सगळी बचत तिथे ठरते. अडीच मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला साधारण तीन-साडेतीन मिलिलिटर पाणी येतं. म्हणजे 80 मिलिलिटर पाणी जवळपास पंचवीस सेकंद पुरतं. पाच सेकंद हात ओले करायला आणि वीस सेकंद साबण धुवायला. खिळा जाडा घेऊन भोक पाच मिलिमीटरचं केलं तर? व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, म्हणून धारही चौपट. माणशी 320 मिलिलिटर. म्हणजे बचतीचा मोठा भाग एका जाड खिळ्यात गेला. तेव्हा आधी बारीक खिळाच घ्या. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

बचतीचं दुसरं कारण पाय. साबण चोळायला वीस सेकंद लागतात आणि त्या वेळात दोन्ही हात भरलेले असतात. शहरातल्या बेसिनवर आपण नळ उघडा ठेवून साबण लावतो, कारण फेसाच्या हाताने नळ बंद करायचा कंटाळा. इथे पाय उचलला की पाणी बंद, आणि बंद करण्यासाठी कोणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. शिवाय हाताने कशालाच स्पर्श होत नाही, फक्त साबणाला होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा पाड्यावरच्या शाळेत साठ मुलं आहेत आणि खिचडीच्या आधी सगळ्यांनी हात धुवायचे आहेत. तांब्याने अर्धा लिटर धरला तर 30 लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे दोन हंडे. कलंडत्या नळाने 60 गुणिले 80, म्हणजे 4.8 लिटर, एका हंड्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. दुपारी शौचानंतरचं धुणं धरलं तरी एक हंडा पुरून उरतो.

पण पाणी पुरलं तरी वेळ पुरतो का? एका मुलाला ओले करणं, साबण आणि धुणं मिळून पाऊण मिनिट लागतं. एकाच स्टँडवर साठ मुलं म्हणजे 45 मिनिटं. तेवढ्यात खिचडी गार होते आणि उद्यापासून रांग मोडते. तीन स्टँड केले तर 15 मिनिटं. आणि साबण धारेखाली न टांगता स्टँडच्या बाजूला टांगला, तर एक मूल साबण चोळत असताना दुसरं हात ओले करू शकतं. मग प्रत्येक मूल धारेखाली पंचवीस सेकंदच असतं आणि सगळी रांग साधारण आठ-नऊ मिनिटांत संपते. संगणकात आम्ही हेच करतो: अडलेली जागा शोधायची आणि थांबलेल्याला तिच्यातून बाहेर काढायचं.

आता बिघाड. साबण उंदीर, कावळे आणि शेळ्याही पळवतात. जुन्या मोज्यात किंवा जाळीत बांधून टांगा आणि पावसापासून बाटलीचा अर्धा तुकडा छपरासारखा वर लावा. खांबांना वाळवी लागते, म्हणून दर महिन्याला हलवून बघा. दोरी गळ्याच्या कडेला घासून तुटते. कॅन दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होतो. धारेखाली खड्डा करून खडी भरा, नाहीतर चिखल होतो आणि मुलं तिथे जाणं टाळतात. पाणी रोज बदला, साचलेल्या पाण्यात डास होतात. हे पाणी प्यायचं नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगा.

आणि आपल्या भागासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. चिकूच्या वाड्यांमध्ये फवारणीच्या औषधांचे रिकामे कॅन सहज मिळतात, मजबूतही असतात. ते कितीही धुतले तरी या कामाला वापरायचे नाहीत. फक्त खाण्याच्या तेलाचा कॅन, आणि तो कुठून आला हे माहीत असेल तरच.

स्टँड चालतो आहे का, हे कळायला खुणाही साध्या आहेत. खडी ओली असेल आणि साबण झिजत असेल तर मुलं हात धुताहेत. खडी ओली पण साबण तसाच, तर नुसतं पाणी लावून पळताहेत. कॅन दोन दिवस भरलेलाच, तर कोणी वापरत नाही. कॅन रिकामा आणि खडी कोरडी, तर भरणाऱ्याची पाळी ठरलेली नाही. बांबू आणि दोरी यांपेक्षा हाच भाग नाजूक आहे. पाळीचं पान भिंतीवर लावा आणि त्यात मुलग्यांचीही नावं घाला. पाणी भरणं हे मुलींचंच काम, असा धडा या नळातून शिकवला जाऊ नये.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, कारण मुलं शाळेपर्यंत येत नव्हती. हा नळ त्याच हिशोबाचा आहे. पाइप येईपर्यंत थांबायचं नाही; आहे त्या हंडाभर पाण्यात मुलांचे हात धुवून घ्यायचे. बाहेर मैदानावर दुपारी मी एक स्टँड उभा करणार आहे. ज्यांना भोक किती जाड पाडायचं ते बघायचं आहे, त्यांनी जेवणाआधी तिकडे या. हात तिथेच धुवा.